मॅकबेथसाठी सहा ओळी

(इंग्लंडमधल्या एका मराठी मंडळात दहावी-अकरावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी दिलेलं व्याख्यान, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार. मुलं पुढे बसलीत ते बरं झालं, आईबाबांनी मागून ऐका, कारण घरी पाठांतर घ्यायला तुम्हीच असणार आहात.

इथे जीसीएसईला बऱ्याच जणांचं बोर्ड एक्यूए आहे आणि नाटक मॅकबेथ, म्हणून आज तेवढंच धरून बोलते. पेपर वन एक तास पंचेचाळीस मिनिटांचा, त्यात शेक्सपिअर आणि एकोणिसाव्या शतकातली कादंबरी, म्हणजे मॅकबेथला साधारण पन्नास-पंचावन्न मिनिटं येतात. प्रश्न एकच असतो, चॉइस नाही. नाटकातला एक उतारा छापून देतात आणि विचारतात की या उताऱ्यात आणि एकूण नाटकात अमुक गोष्ट कशी दाखवलीय. ३० मार्क उत्तराचे, वर ४ स्पेलिंग-व्याकरणाचे. पुस्तक जवळ नसतं. उताऱ्यातल्या ओळी समोर छापलेल्याच असतात, त्या पाठ असण्याची गरज नाही, प्रश्न उरतो तो "एकूण नाटकात" या दोन शब्दांचा, आणि आपलं पाठांतर फक्त त्या दोन शब्दांसाठी आहे.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी यायची, तिने त्रेचाळीस कोट्स पाठ केली होती. रंगीत कार्डं, एका बाजूला ओळ, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि थीम. मी कार्ड दाखवलं की धडाधड सांगायची, एक चूक नाही. मग मी कार्डं बाजूला ठेवली आणि विचारलं, "मॅकबेथमध्ये राजा चांगला कधी आणि वाईट कधी, याच्यावर एक ओळ दे." ती गप्प. दोन मिनिटांनी तिने दिली ती रक्ताची ओळ, का दिली ते तिलाही सांगता येईना. ओळी होत्या डोक्यात पण त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता नव्हता. कार्डावर ओळ आधी येते आणि थीम नंतर, परीक्षेत मात्र थीम आधी येते आणि ओळ आपण शोधायची असते, म्हणजे तिने सगळा सराव उलट्या दिशेने केला होता. आपण लहानपणी पाढे म्हणायचो ना, सात सक बेचाळीस तोंडावर असायचं पण बेचाळीस म्हणजे कुठले कुठले पाढे असं कोणी विचारलं की अडायचो, तसंच.

म्हणून आम्ही दोघींनी मिळून त्रेचाळीसच्या सहा केल्या. कशा निवडल्या ते सांगते, कारण निवडतानाच अर्धा अभ्यास होतो.

एका मोठ्या कागदावर डावीकडे ओळी लिहिल्या, वर आडवे सहा-सात विषय, महत्त्वाकांक्षा, अपराधी भावना, दिखावा आणि खरं, राजेपण, नवराबायको, अमानवी शक्ती, हिंसा. मग प्रत्येक ओळीसमोर विचारायचं, या विषयावर हिच्याबद्दल मला दोन खरी वाक्यं लिहिता येतील का? येत असतील तर खूण करायची, नुसतं "थोडं लागू पडतं" असेल तर रिकामं सोडायचं. ज्या ओळीला तीनपेक्षा कमी खुणा ती बाजूला. "इज धिस अ डॅगर" ही तिची आवडती ओळ होती पण ती बाजूला गेली, कारण तिच्याबद्दल ती जे जे लिहायची ते सगळं फिरून एकाच मुद्द्यावर यायचं. दुसऱ्या कोणाच्या कागदावर ती राहीलही, हा कागद प्रत्येकाचा वेगळा निघतो. तिचा कागद पूर्ण झाल्यावर सगळ्यात मोठी गोष्ट दिसली ती म्हणजे राजेपणाच्या खाली एकही खूण नव्हती! त्रेचाळीस ओळी आणि एक अख्खा विषय कोरा.

तिथे आम्ही चौथ्या अंकातली मॅकडफ या स्कॉटिश सरदाराची ओळ घातली, "ब्लीड, ब्लीड, पूअर कंट्री." चारच शब्द. मॅकडफ इंग्लंडला आलाय, खून झालेल्या राजाच्या मुलाशी, माल्कमशी बोलतोय, आणि म्हणतोय की बिचाऱ्या देशाला रक्त वाहू दे. इथपर्यंत नाटकात रक्त माणसांच्या अंगावर, हातावर असतं, आता ते देशाचं झालं, देशच जखमी माणसासारखा. राजेपणावर चालते, हिंसेवर चालते, आणि एका माणसाची महत्त्वाकांक्षा बाकीच्यांना कुठवर नेते यावरही चालते. शिवाय चौथ्या अंकातून फार कमी मुलं काही लिहितात, त्यामुळे नाटक शेवटपर्यंत माहीत आहे हे आपोआप दिसतं.

आता एक ओळ पूर्ण उलगडून दाखवते. तिसरा अंक, दुसरा प्रवेश, मॅकबेथ बायकोला म्हणतो, "ओ, फुल ऑफ स्कॉर्पियन्स इज माय माइंड, डिअर वाइफ." माझं डोकं विंचवांनी भरलंय गं. ही ओळ जवळजवळ प्रत्येक मुलाला माहीत असते आणि जवळजवळ प्रत्येक मूल ती चुकीच्या ठिकाणी वापरतं. लिहितात की डंकन राजाला मारल्याचा पश्चात्ताप त्याला डसतोय. पण लगेच पुढची ओळ बघा, तो म्हणतो, तुला माहितीये ना, सरदार बँको आणि त्याचा मुलगा फ्लीअन्स जिवंत आहेत. म्हणजे विंचू पश्चात्तापाचे नाहीत, भीतीचे आहेत, मुकुट मिळाला तरी तो टिकणार नाही याची भीती. एवढं नीट कळलं की ओळ उघडते. महत्त्वाकांक्षेवर प्रश्न आला तर लिहा की हवं ते मिळालं आणि तरी मन शांत नाही. नवराबायकोवर आला तर "डिअर वाइफ" हे दोन शब्द घ्या, एवढ्या प्रेमाने हाक मारतो आणि त्याच प्रवेशात बँकोला मारायचा बेत तिला सांगत नाही, तू काही माहीत करून घेऊ नकोस, काम झाल्यावर कौतुक कर असं म्हणतो. पहिल्या अंकात बेत ती आखत होती, आता तिला बाहेर ठेवलंय. अपराधी भावनेवर प्रश्न आला तरी वापरता येते पण मग सरळ म्हणा की इथे अपराधाची जागा भीतीने घेतलीय, हे जास्त चांगलं उत्तर आहे. आणि राजेपणावर किंवा चेटकिणींवर प्रश्न आला तर ती सोडून द्या. प्रत्येक ओळ सगळीकडे चालत नाही, ओढूनताणून बसवली की परीक्षकाला लगेच दिसतं, कारण मुलाचं वाक्य "यावरून असंही दिसतं की" असं सुरू होतं आणि पुढे प्रश्नातला शब्द नुसता परत येतो.

ही ओळ एकटी नाही. पहिल्या अंकात लेडी मॅकबेथने त्याला सांगितलं होतं, "लुक लाइक द इनोसंट फ्लॉवर, बट बी द सर्पंट अंडर्ट." वरून फूल दिस, खाली साप हो. ही आमची सगळ्यात जास्त खुणा मिळालेली ओळ. फसवणूक आहे, बायको नवऱ्याला धडे देतेय हे आहे, घरी येणारा राजा हा पाहुणा आहे हे आहे, आणि सापात बायबलमधला सैतानही आहे. संदर्भाचे मार्क हवे असतील तर १६०५ साली इंग्लंडच्या राजाला पार्लमेंटसकट उडवायचा कट उघडा पडला, तेव्हा फुलांत लपलेल्या सापाचं चित्र असलेलं पदक निघालं होतं, आणि नाटक साधारण १६०६ चं. आता दोन ओळी शेजारी ठेवा. तिने सांगितलं साप हो, आणि दोन अंकांनी विषारी जीव त्याच्याच डोक्यात शिरलेत. एवढं एक वाक्य लिहिलंत की नाटक पुढे कसं सरकतं ते दाखवून झालं. म्हणून ओळी निवडताना जोड्या बघा, एक सुरुवातीची आणि एक नंतरची.

दुसरी जोडी तशीच. डंकनला मारल्यावर तो म्हणतो, "विल ऑल ग्रेट नेपच्यून्स ओशन वॉश धिस ब्लड," अख्खा समुद्र हे रक्त धुवेल का. पाचव्या अंकात झोपेत चालणारी ती म्हणते, "आउट, डॅम्ड स्पॉट." हात धुणं त्याच्याकडून तिच्याकडे गेलं. तिथे आम्ही मुद्दाम दोन्ही ओळी ठेवल्या जरी विषय एकच दिसतो, कारण बोलणारा बदललाय. आणि सहावी म्हणजे अगदी शेवटी माल्कम त्या दोघांना जे म्हणतो ते, "डेड बुचर अँड हिज फीन्डलाइक क्वीन." ही उपयोगी आहे कारण तिच्याशी भांडता येतं, जिंकलेला माणूस असंच म्हणणार, पण आपण त्या दोघांना आतून पाहिलंय, आपल्यालाही तेवढंच वाटतं का?

आता पाठ कसं करायचं. आईबाबा, इथे तुमचं काम. कार्डाच्या पुढच्या बाजूला ओळ लिहायचीच नाही, प्रश्न लिहायचा, "नवराबायकोचं नातं कसं बदलतं?" मागे दोन ओळी, कोण बोललं, कधी, आणि लगेच पुढे काय घडतं. मुलाने आधी कागदावर लिहायचं, मग उलटून बघायचं. पहिले चार दिवस रोज, मग एक दिवसाआड, मग आठवड्याने. प्रश्नाचे शब्द दर वेळी बदला, नाहीतर प्रश्नच पाठ होतो. तुम्हाला नाटक माहीत नसलं तरी चालेल, तुम्ही फक्त विचारायचं, "हे कोण कोणाला म्हणालं, आणि का आत्ताच?" मुलाला उत्तर आलं नाही तर ओळ पाठ असून उपयोग नाही.

एका बाबांनी मघाशी विचारलं की शब्द थोडा चुकला तर. नेमका कोट नसला, आपल्या शब्दांत नेमकं काय घडलं ते लिहिलं, तरी बोर्ड तो संदर्भ धरतं, तेव्हा घाबरून लिहायचं थांबू नका. पण अवतरणचिन्हात चुकीचा शब्द टाकून त्या शब्दावरच चार ओळी लिहिल्या तर मुद्दा पडतो. मोठी माणसंसुद्धा "लीड ऑन, मॅकडफ" म्हणतात, नाटकात आहे "ले ऑन, मॅकडफ," म्हणजे पुढे चल नाही, ये, वार कर! म्हणून लांब ओळ पाठ करू नका. समुद्राच्या ओळीतून "नेपच्यून्स ओशन" एवढंच पक्कं करा, सापाच्या ओळीतून "सर्पंट", आणि बाकीचं आपल्या वाक्यात गुंफा.

मुलांनो, तुमच्यासमोर कागद आहेत. उतारा धरा पहिल्या अंकातला, लेडी मॅकबेथ पत्र वाचते तो, आणि प्रश्न, "शेक्सपिअर मॅकबेथला दुबळा माणूस म्हणून दाखवतो का?" हा विषय आपल्या यादीत नव्हता. सहापैकी कुठल्या दोन ओळी घ्याल आणि कुठली मुद्दाम सोडाल ते लिहा. सहा मिनिटं. सुरू करा.