‘हाय’ला काय म्हणावं?

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे वाडीतून बाजाराकडे जाताना वाटेत कोणी ना कोणी विचारतोच, “खंय चललंस?” हातात पिशवी दिसत असते, वाट बाजाराकडे जाते हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. आपणही “हंयच, वायच बाजारात” म्हणतो आणि पुढे चालू लागतो. आता त्याला कोणी उलट म्हणालं, “कित्याक होयां तुका? काय काम आसा?” तर तो माणूस दुसऱ्या दिवशी तोंड फिरवून जाईल. आणि बरोबरच करेल!

रात्री फोनवर नुसतं ‘हाय’ आलं की आपण मात्र हेच करतो. लगेच टाइप करतो, “बोल.” फार तर, “बोल, काय काम होतं?” मनात काही वाईट नसतं, पण त्या दोन अक्षरांच्या पलीकडे जो बसलेला असतो त्याच्याकडे आपण कारण मागितलेलं असतं. त्याच्याकडे कारणच नसतं. मग तो लिहितो, “काही नाही, सहज.” बोलणं तिथेच संपतं.

मालिनोव्स्की नावाचे एक मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहून आले होते. तीही दर्याकाठची माणसं. १९२३ साली त्यांनी एका निबंधात लिहिलं की माणसं पुष्कळदा काही कळवण्यासाठी बोलतच नाहीत, एकत्र असण्यासाठी बोलतात. शेजारी माणूस आहे आणि तो गप्प आहे, ही गोष्ट माणसाला धास्ती घालते, असंही ते म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीचं हे लिहिणं, पण रात्री उशिरा आलेल्या ‘हाय’ला तंतोतंत लागू पडतं.

तर एक प्रसंग घेऊ. गावात राहणाऱ्याला बाबी म्हणू, डोंबिवलीत खोली घेऊन राहणाऱ्याला दिगू. एकाच शाळेत शिकलेले. जुलै महिना, रात्रीचे पावणेअकरा, आणि दिगूचा निरोप येतो : हाय.

आता हे ‘हाय’ कामाचं नाही हे बाबीला कसं कळावं? काम असलेला माणूस सहसा थांबत नाही. ‘हाय’च्या पाठोपाठ मिनिटाभरात “अरे, तो सातबारा मिळाला काय” येतंच. इथे पाठोपाठ काही आलं नाही. वर ‘typing’ दिसलं आणि गेलं, परत दिसलं, परत गेलं. शिवाय वेळ अशी, की कामं संपलेली आणि झोप आलेली नाही. कधी नव्हे तो माणूस अशा वेळी नुसतं ‘हाय’ लिहितो, तेव्हा बहुतेक त्याला सोबत हवी असते. बहुतेकच म्हणतो मी, खात्रीने नाही. पण अंदाज चुकला तरी बिघडत नाही. आपुलकीने उत्तर दिलं आणि त्याचं कामच निघालं, तर तो काम सांगेल. उलट सोबत हवी असताना “काय काम?” विचारलं, तर पुढचं ‘हाय’ येईलच असं नाही.

बाबीने काय लिहू नये ते आधी सांगतो. “बरो मां? घराकडे सगळी बरी? आवशीचा ब्लडप्रेशर कसा आसा? नोकरी?” यात माया आहे, पण दिगूला हा दवाखान्यातला फॉर्म वाटतो. तो “होय, बरां सगळां” एवढंच भरून देतो. “काय झालां? टेन्शन आसा काय?” हेही पहिल्याच उत्तरात नको. काही झालेलं नसेल तर माणूस ओशाळतो, झालेलं असेल तर दडवतो.

बाबीने लिहिलं, “अरे दिगू! पडवेत बसलंय. लाईट गेली हा, पावस धो धो. आत्ताच पिठी-भात जेवलंय.”

बघा, यात प्रश्न एकही नाही. हाक आहे, तीही नावाने. आणि बाबी या क्षणी कुठे कसा बसलाय ते आहे. दिगूला काहीच सांगावं लागत नाही, तो येऊन नुसता पडवीत बसू शकतो. आणि बोलायचं झालं तर धरायला तीन गोष्टी आहेत : लाईट, पाऊस, पिठी. त्याने पिठी धरली. “किती दिस झाले पिठी खाल्ल्याक.” बाबी म्हणाला, “आज सोला घालूक इसारलंय, तरी दोनदा घेतलंय.” मग बिनसोलांच्या पिठीवरून दहा मिनिटं वाद.

लांबीचंही एक पथ्य आहे. समोरून दोन शब्द आले तर आपण दोन ओळी लिहाव्यात, पानभर नाही. पानभर मजकूर आला की समोरच्याला तेवढंच परत लिहिण्याचं ओझं होतं. टाइप करायचा कंटाळा असेल तर आठ-दहा सेकंदांचा आवाज पाठवा. मागे पागोळ्यांचा आवाज येत असेल तर आणखी बरं, डोंबिवलीत तो ऐकू येत नाही.

वादाच्या मधेच दिगू लिहून गेला, “आज दिसभर कोणाकडे बोलाकच नाय.” इथे आपल्यातले पुष्कळ जण घसरतात. लगेच सल्ला : रूम पार्टनर बघ, जिमला जा, लग्न कर! बाबीने लिहिलं, “मगे माझ्याशी बोल. लाईट येयसर मी हंयच आसंय.” त्यात थोडी लबाडी होती, लाईट मघाशीच आली होती. अशी लबाडी मला मान्य आहे. साडेअकराला दिगू म्हणाला, “झोपतंय रे.” बाबी म्हणाला, “झोप.”

दिगूचं बोलणं वेगळ्या वळणाला गेलं असतं, ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असं काही आलं असतं, तर मात्र पिठी बाजूला ठेवायची. टाइप करणं सोडून सरळ फोन लावायचा, जीव द्यायचा विचार येतोय का हे स्पष्ट विचारायचं. जवळ कोणी असेल त्याला तिथे पाठवायचं. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर रात्रीही चालतो, तोही हाताशी ठेवायचा.

आणि प्रत्येक वेळी आपण मोकळे असतोच असं नाही. गाडी चालवताय, बाळाला झोपवताय, तर उत्तर वेळेसकट द्या : “दिगू, पोराक निजवतंय. साडेअकराक फोन करतंय.” नुसतं “नंतर बोलू” म्हटलं की ते दार लोटल्यासारखं होतं. आणि एकदा वेळ दिली की साडेअकराला फोन केलाच पाहिजे. जमणार नसेल तर उद्याची वेळ द्या, पण खोटी देऊ नका.

‘हाय’ सकाळी उठल्यावर दिसलं तर? लांबलचक माफी मागत बसू नका, त्याने उलट त्याच्यावरच तुमची समजूत काढायची पाळी येते. “रात्री बेगीन झोपलंय रे. आता च्या पितंय, पावस थांबलो हा. तू उठलंस?” एवढं पुरे. सकाळच्या वेळी हा एक प्रश्न चालतो, त्याला “होय” म्हणूनही गप्पा सुरू करता येतात.