काम जोरात, खिसा रिकामा: वीस कोटींच्या पुलाचा कॅश फ्लो

(दृश्य: खाडीत पायलिंग चालू आहे, मागे काँक्रीटचा पंप)

समजा, कोकणात खाडीवर पूल बांधायचा आहे. कंत्राट 20 कोटींचं, मुदत 14 महिने, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात सुरुवात. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, अटी मात्र फिडिक या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या रेड बुक या नमुना कंत्राटाच्या धर्तीवरच्या आहेत. कामावर दहा टक्के नफा धरला आहे. जीएसटी, टीडीएस आणि कामगार उपकर बाजूला ठेवले आहेत.

(दृश्य: पडद्यावर महिनावार तक्ता)

पहिल्या रकान्यात दर महिन्याचं बिल आहे. ऑक्टोबरात 40 लाख, डिसेंबरात 1 कोटी 20 लाख, फेब्रुवारीत 2 कोटी 40 लाख, एप्रिल आणि मे महिन्यांत प्रत्येकी 3 कोटी. जूनमध्ये पाऊस येतो आणि बिल 1 कोटीवर उतरतं. पुढचे तीन महिने थोडंच काम होतं, उरलेलं पावसानंतर पुरं होतं.

पण बिल झालं म्हणजे तेवढे पैसे हातात आले, असं नाही. प्रत्येक रनिंग बिलातून दहा टक्के रिटेन्शन, म्हणजे काम नीट पुरं होण्याची हमी म्हणून राखून ठेवलेली रक्कम, कापलं जातं. ही कपात कंत्राटाच्या पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे 1 कोटी होईपर्यंत चालते.

दुसरी कपात आगाऊ रकमेची. सुरुवातीला यंत्रं आणायला आणि साइट उभी करायला बँक गॅरंटीवर दहा टक्के, म्हणजे 2 कोटी मिळाले होते. बिलांची बेरीज कंत्राटाच्या दहा टक्क्यांपुढे गेली की त्याच बिलापासून वसुली सुरू होते. इथे ही मर्यादा डिसेंबरच्या बिलात ओलांडली जाते. तिथून दर बिलातले पंचवीस टक्के वळते होतात आणि मार्चच्या बिलात 2 कोटी पूर्ण होतात.

आता जानेवारीचं बिल बघा. काम 2 कोटींचं. रिटेन्शन 20 लाख, वसुली 50 लाख. हाती 1 कोटी 30 लाख. आणि तेही लगेच नाही. मोजमाप, इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणि रक्कम जमा होणं यात सुमारे दोन महिने जातात. फिडिकमध्ये इंजिनिअरकडे बिल पोचल्यापासून 56 दिवसांची मुदत आहे. म्हणजे जानेवारीचे पैसे मार्चमध्ये येतात, पण सिमेंट, सळई आणि मजुरीचे 1 कोटी 80 लाख जानेवारीतच गेलेले असतात.

(दृश्य: आलेख, शिल्लक रकमेची रेषा खाली उतरते)

ही रेषा नीट बघा, अंदाजपत्रकाचा जीव तिच्यात आहे. डिसेंबरअखेर हातात 20 लाख उरतात. जानेवारीत शिल्लक शून्याखाली जाते. मेअखेर तूट 5 कोटी 40 लाखांवर पोचते, आणि त्याच महिन्यात पुलावर सर्वांत जास्त काम चालू असतं. ठेकेदार काम करतोय, नफाही धरलाय, तरी त्याला एवढं भांडवल कुठून तरी उभं करावं लागतं. कागदावर नफा दिसतो म्हणून निश्चिंत राहिलेले ठेकेदार नेमके या महिन्यांत पुरवठादारांची बिलं थकवतात, आणि मग सळई येणं थांबतं.

यात दोष आगाऊ रकमेचा नाही. ती फार लवकर परत जाते. हीच वसुली साडेबारा टक्क्यांनी ठरवली असती, तर मार्चच्या बिलापर्यंत 2 कोटींऐवजी 1 कोटी 5 लाखच वळते झाले असते आणि मेमधली तूट 95 लाखांनी कमी झाली असती. म्हणून हा तक्ता निविदा भरण्याआधी मांडायला हवा. सही झाल्यावर टक्का बदलत नाही.

सरकारी कामात मार्च वेगळा तपासावा. वर्षअखेरीला निधी अपुरा पडला आणि मार्चमध्ये येणारे 1 कोटी 30 लाख एप्रिलवर गेले, तर मार्चअखेरची तूट 3 कोटी 48 लाखांवरून 4 कोटी 78 लाख होते. बँकेशी कर्जाची मर्यादा ठरवताना हा एक महिन्याचा उशीर धरलेला बरा.

(दृश्य: तक्त्यातील वसुलीचा रकाना ठळक होतो)

तक्ता बरोबर आहे का, हे तळाच्या बेरजांवरून कळतं. वसुलीची बेरीज नेमकी 2 कोटी हवी. सूत्राला मर्यादा घातली नसेल तर मार्चमध्ये 60 ऐवजी 70 लाख कापले जातात आणि एप्रिलमध्येही वसुली चालूच राहते. रिटेन्शन एप्रिलच्या बिलात फक्त 4 लाख निघायला हवं, कारण तिथे 1 कोटी पुरे होतात. आणि दोन्ही टक्के पूर्ण बिलावर लावायचे, एक कपात करून उरलेल्या रकमेवर दुसरी नव्हे.

शेवटचं बिल मिळाल्यावर शिल्लक 1 कोटी दिसते. नफा 2 कोटींचा, उरलेला 1 कोटी रिटेन्शनमध्ये अडकलेला. त्यातले 50 लाख पूल ताब्यात घेतल्याच्या प्रमाणपत्रानंतर, आणि बाकीचे 50 लाख दोषदुरुस्तीची मुदत संपल्यावर मिळतात. तक्त्यात त्या दोन तारखांच्या ओळी असल्याच पाहिजेत.