बाळ झोपल्यावरही जागा राहणारा बाप

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या कोकणात पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाते आणि दीड-दोन महिन्यांनी, कधी तीन महिन्यांनी, बाळाला घेऊन सासरी येते. तेवढ्या काळात ती बाळाला ओळखायला शिकलेली असते. भुकेचे रडणे कोणते आणि ओल्या लंगोटाचे कोणते, हे तिला अंधारातही कळते. बाप मात्र अधूनमधून जाऊन बाळ पाहून आलेला असतो. त्यामुळे त्याची जागरणाची पहिली रात्र येते ती बाळ दोन महिन्यांचे झाल्यावर, आणि नेमके तेव्हाच घरातल्या इतरांना वाटू लागलेले असते की अवघड काळ संपला.

मी लहान मुलांचा डॉक्टर आहे. आज मी बाळाविषयी थोडे आणि बाळाच्या बापाविषयी अधिक बोलणार आहे. बाळ शांत झोपलेले असताना आणि झोपायची संधी असताना बापाला झोप लागते का, हा माझा आजचा प्रश्न आहे. तो मी पुन्हा विचारणार आहे, तेव्हा कृपया लक्षात ठेवावा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर खलाशी असलेला एक तरुण, बायको आणि बाळासह, दहाव्या आठवड्याच्या लसीसाठी आला होता. जून संपत आला होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने तो घरीच होता, हातात कमाई नव्हती आणि मालकाकडून घेतलेली उचल डोक्यावर होती. बायको माहेराहून येऊन पंधरवडा झाला होता. लस टोचून झाली, बायको बाळाला पाजायला बाहेर गेली आणि हा दाराशी थांबला. त्याने मोबाइल पुढे केला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, ह्याचा श्वास थांबतो."

चित्रफितीत बाळ झोपलेले होते. मोबाइलच्या विजेरीच्या उजेडात त्याचे पोट भराभर हलत होते, मग हालचाल मंदावली, थांबली, आणि काही सेकंदांनी श्वास पुन्हा सुरू झाला. थांबलेला काळ त्याने बोटांवर मोजला होता: आठ. अशा चित्रफिती त्याच्याकडे बऱ्याच होत्या आणि सगळ्या रात्रीच्या होत्या.

मी त्याला समजावले तेच आपल्यालाही सांगतो. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या मेंदूतील श्वासाचे नियंत्रण पुरते पक्व झालेले नसते. म्हणून झोपेत श्वास काही वेळ भराभर चालतो, पाच-दहा सेकंद थांबतो आणि आपोआप सुरू होतो. बाळाचा रंग बदलत नसेल तर हे स्वाभाविक आहे. मात्र श्वास वीस सेकंद किंवा अधिक थांबला, ओठ निळसर झाले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, शांत झोपेत पूर्ण एक मिनिट मोजल्यावर साठाहून अधिक श्वास भरले, बाळ दूध ओढेनासे झाले, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पुन्हा सांगतो: आठ सेकंद थांबणे स्वाभाविक, वीस सेकंद थांबणे किंवा ओठ निळे होणे धोक्याचे.

त्याचा चेहरा सैल झाला, पण पुरता नाही. म्हणून मी माझा प्रश्न विचारला: बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का? तो म्हणाला, "नाही. आई म्हणते तू झोप, मी बघते. मी आडवा होतो, पण कान तिकडेच असतात. उठून बघितलं की बरं वाटतं, पुन्हा पडलो की छातीत धडधडतं." मग जरा थांबून म्हणाला, "बोटीवर माझं काही चुकलं तर तांडेल सावरतो. इथे माझ्यावर कोण आहे?"

माझ्या दृष्टीने निदान या उत्तरात होते. नुसते थकलेले माणूस संधी मिळताच झोपते. संधी मिळूनही झोप येत नसेल, तर तो थकवा नव्हे, ती चिंता असते. आणि उठून पाहण्याने ती शमत नाही. पाहिल्यावर मिळणारा दिलासा जेमतेम काही मिनिटे टिकतो आणि मनाला सवय लागते की पाहिल्याशिवाय बाळ सुखरूप नाही. उचलीची काळजी आणि तुटक झोप यांनी ही सवय अधिक घट्ट होते.

बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोला मी आत बोलावले, कारण हे सगळे तिला ठाऊक नव्हते. नवरा चिडचिडा झाला आहे आणि बाळाला घेत नाही, एवढेच तिने पाहिले होते. मग तिघांनी मिळून रात्र आखली. बोटीवर पाळीपाळीने झोपायची त्याला सवय होती, त्यामुळे ही मांडणी त्याला परकी वाटली नाही. रात्री आठला बाळ पाजून झाले की आजीने ते सांभाळायचे आणि बाळाला भूक लागेपर्यंत आईने झोपायचे. दहापासून दोनपर्यंत पाळी बापाची: बाळ रडले की लंगोट बदलून त्याने ते आईच्या कुशीत द्यायचे, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायची आणि पाठीवर झोपवायचे, अंथरुणात उशी किंवा सैल गोधडी न ठेवता. दोननंतर सकाळी सातपर्यंत त्याने पडवीत, दार लावून झोपायचे. पाळीत बाळाकडे दर तासाला एकदा पाहायचे, विजेरी न लावता, आणि चित्रफीत मुळीच काढायची नाही. सलग पाच तासांची झोप मिळवणे, हा या मांडणीचा गाभा आहे. तुकड्यातुकड्यांनी मिळालेल्या सात तासांनी तेवढा आराम पडत नाही.

येथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. गणपतीसाठी मुंबईहून आठ दिवसांची रजा काढणारा आपला चाकरमानी बाळाच्या वेळी मात्र बारसे उरकून दुसऱ्याच दिवशी परतीची गाडी धरतो, आणि घरच्यांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. माझ्या मते त्या दोन महिन्यांत बापाने सासरी चार रात्री तरी राहावे आणि सासूबाईंनी बाळ त्याच्या हातात द्यावे. तो तरुण घाबरला, कारण त्याला शिकायला कुणी दिलेच नव्हते.

पहिल्या तीन-चार रात्री त्याला पडवीतही झोप आली नाही, हे अपेक्षित होते. दुसऱ्या आठवड्यात तो चार तास झोपू लागला. ती झोप आली नसती, तर मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणार होतो, आणि ही मर्यादा मी सर्वांसाठी सांगतो. दोन आठवडे उलटूनही संधी असताना झोप येत नसेल, राग आवरत नसेल, घराबाहेर राहावेसे वाटत असेल, दारू वाढली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. पुरुषांतील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नव्हे, तर चिडण्यातून दिसते, म्हणून ते घरच्यांच्या नजरेतून सुटते. आणि मी नसलो तर बरे, असा विचार एकदाही मनात आला, तर त्याच दिवशी बोलावे. १४४१६ हा शासनाच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. तेथे रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. पुन्हा सांगतो: एक, चार, चार, एक, सहा.

चौदाव्या आठवड्याच्या लसीला ते कुटुंब जुलैअखेरीस आले. १ ऑगस्टला बोट निघायची होती आणि तो नसताना रात्रीची पाळी कोण घेणार, हे त्यांनी आधीच ठरवले होते: त्याची बहीण राहायला येणार होती. तेव्हापासून दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसीला बाळाचे वजन पाहून झाले की मी सोबत आलेल्या बापालाही खुर्चीत बसवतो आणि आईच्या समोर तोच प्रश्न विचारतो.