दरदरून घाम, पण शुगर तर वाढलेली

नमस्कार श्रोतेहो. मी हृदयरोगाचा डॉक्टर. हार्ट अटॅक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छातीवर हात दाबून कोसळणारा पुरुष येतो. आज मी बोलणार आहे ते अशा अटॅकबद्दल, ज्यात माणूस छातीवर हात ठेवतच नाही. त्यासाठी एक बाई डोळ्यांसमोर आणू. नाव ठेवू मालनबाई. ही कुणी एक पेशंट नव्हे, आमच्याकडे येणाऱ्या अनेक जणींची मिळून मी ती उभी केली आहे.

मालनबाईंचं वय ५८. बारा वर्षांपासून शुगर, त्यासाठी रोज मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या. सकाळी साडेसातला भाकऱ्या थापताना त्यांना एकाएकी दरदरून घाम फुटला. अंग गार पडलं, मळमळलं, एक उलटीही झाली. जबडा जड झाला आणि पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध भरून आलं. सुनेनं विचारलं, "आई, छातीत दुखतंय का?" त्या म्हणाल्या, "नाही गं, कसंतरीच होतंय. रात्रीचं पित्त असेल." तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. "शुगर उतरली असणार, साखर घाल तोंडात."

काकूंचा अंदाज खुळा नव्हता बरं का. ग्लिमेपिराइडनं शुगर खरंच उतरते, आणि ती उतरली की घाम, थरथर, घाबरं होणं हेच सगळं दिसतं. पण मधुमेही माणसाला अचानक घाम फुटला, की घरात दुसरा विचारच होत नाही. साखर दिली, पडून राहायला सांगितलं, दुपारी बघू म्हटलं, आणि यात चार-सहा तास निघून जातात.

सुनेनं साखरेचा डबा उघडण्याआधी मीटर काढलं. सासूबाईंचं बोट धुऊन कोरडं केलं आणि मग टोचलं. हे धुणं महत्त्वाचं, कारण बोटाला साखर किंवा गूळ लागलेला असला तर मीटर खोटा मोठा आकडा दाखवतं. आकडा आला २६४. इथे गोष्ट फिरली. शुगर ७० च्या खाली असती, तर घामाचं कारण सापडलं असतं. २६४ असताना फुटलेला गार घाम शुगर उतरल्याचा नसतो. उलट अटॅकमध्ये शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं आणि त्यानं शुगर वर चढते.

घरात मीटर नसेल तर? माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पण त्याच वेळी घड्याळ बघा. शुगर उतरलेली असेल तर साधारण पंधरा मिनिटांत माणूस सावरतो. सावरला नाही, तर साखरेवर साखर देत बसू नका, १०८ ला फोन लावा. जबडा, पाठ किंवा दम यांचा त्रास सोबत असेल, तर पंधरा मिनिटंही थांबायचं नाही. आणि मीटरवर आकडा कमी आला, साखर दिली, आकडा सुधारला, तरी घाम आणि मळमळ तशीच राहिली, तर तोही हृदयाचाच प्रश्न समजायचा. दोन्ही एकदम होऊ शकतं.

आता मालनबाईंना छातीत दुखलं का नाही? हृदयाकडून वेदना वाहून नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात ज्या भागात शिरतात, तिथेच हाताच्या, छातीच्या, पाठीच्या नसाही येतात. मेंदूला कळतं की काहीतरी बिघडलंय, पण कुठे ते नेमकं कळत नाही. म्हणून दुखणं जबड्यात, खांद्यात, पाठीत उमटतं. हृदयाचा खालचा भाग पोटाच्या पडद्यावर टेकलेला असतो. तिथला रक्तपुरवठा तुटला की मळमळ, उलटी होते आणि सगळ्यांना पित्त आठवतं. त्यात वर्षानुवर्षं शुगर चढी राहिली, की जशा पायाच्या नसा बधिर होतात, तशा हृदयाच्या नसाही. मग अटॅक येतो, पण दुखतच नाही. फक्त दम लागतो, किंवा एकदम गळून गेल्यासारखं होतं.

बायकांबद्दल एक गैरसमज आहे, तोही काढून टाकतो. अटॅक आलेल्या बऱ्याचशा बायकांना छातीत काहीतरी होतंच. पण "दुखतंय का" विचारलं की त्या नाही म्हणतात, आणि "भरून आलंय का, आवळल्यासारखं वाटतंय का, ओझं वाटतंय का" विचारलं की हो म्हणतात. तेव्हा प्रश्न बदलून विचारा. तरीही छातीत काहीच न होणाऱ्या बायका थोड्याथोडक्या नाहीत. अमेरिकेत १९९४ ते २००६ या काळातल्या अकरा लाखांहून जास्त अटॅकच्या पेशंटची नोंद तपासली गेली. छातीचं दुखणं नसलेले पुरुष होते शेकडा ३१ च्या आसपास, आणि बायका शेकडा ४२.

मालनबाईंकडे परत जाऊ. सुनेनं १०८ ला फोन केला. अॅस्पिरिन घरात होती. तिची अॅलर्जी नाही, रक्तस्रावाचा किंवा अल्सरचा त्रास नाही, हे फोनवर सांगून, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, ३०० मिलिग्रॅमच्या आसपासचा डोस चावून खायला दिला. एक गोष्ट मात्र दिली नाही, ती म्हणजे सासऱ्यांच्या डब्यातली जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट. आपल्याकडे ही गोळी शेजारधर्म म्हणून वाटली जाते! मालनबाईंसारख्या, हृदयाच्या खालच्या भागातल्या अटॅकमध्ये कधीकधी हृदयाचा उजवा कप्पाही तडाख्यात सापडतो, आणि तेव्हा या गोळीनं रक्तदाब धाडकन खाली येतो. बीपी आणि ईसीजी न बघता ती द्यायची नाही.

दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा. मालनबाईंचा पहिला ईसीजी जवळजवळ नॉर्मल निघाला. घोळ होतो तो इथेच. "नॉर्मल आहे, गॅसची गोळी घ्या" म्हणून घरी पाठवलेले पेशंट संध्याकाळी परत येतात. पित्ताच्या औषधानं बरं वाटलं, म्हणून हृदय ठीक आहे असंही ठरत नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी वीस मिनिटांनी दुसरा ईसीजी काढला आणि त्यात अटॅक स्पष्ट उमटला. मग छातीच्या उजव्या बाजूलाही इलेक्ट्रोड लावून पाहिलं. ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणीसुद्धा अगदी सुरुवातीला फसवू शकते, कारण ते रक्तात वाढायला काही तास लागतात. म्हणून ती थोड्या तासांनी पुन्हा करतात. ईसीजीत अटॅक उघड दिसत असेल, तर मात्र तिच्यासाठी थांबत नाहीत. गाठ विरघळवायचं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी, जे जिथे लवकर मिळेल ते करतात. साधारणपणे बारा तासांपर्यंत याचा उपयोग असतो, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांतला.

मालनबाई बोलत्या झाल्यावर एक गोष्ट निघाली. तीन आठवड्यांपासून विहिरीवरून पाणी आणताना मध्येच बसावं लागत होतं, आधी असं कधी नव्हतं. घरात कुणाला बोलल्या नाहीत, वयाचं असेल म्हणून सोडून दिलं. रोजच्या कामात असा नवा थकवा किंवा दम दिसला, तर अटॅकची वाट न बघता त्याच आठवड्यात तपासून घ्या.

आणि अपघात विभागात गेल्यावर "पित्त झालंय" असं सांगू नका. सुनेनं सांगितलं तसं सांगा. "साडेसातपासून गार घाम आहे, एक उलटी झाली, जबडा जड आहे, बारा वर्षांची शुगर आहे, मीटरवर २६४ आलं." गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. पहिला ईसीजी चांगला आला, तर दुसरा कधी काढणार ते विचारा. विचारल्यानं डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तरी विचारा.

नमस्कार.