दोन पर्यवेक्षक, एक कामगार आणि तीन वाक्यं
(कोल्हापुरात बारावी वाणिज्यच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

प्रसंग असा आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत एक कामगार फेटलिंगला आहे, म्हणजे कास्टिंगला चिकटलेलं जादा लोखंड घासून काढतो. सकाळी उत्पादन पर्यवेक्षक त्याला म्हणतात, "संध्याकाळपर्यंत ८० नवी कास्टिंग घासून दे." तासाभरानं गुणवत्ता पर्यवेक्षक येतात. ते म्हणतात, "नव्यांना हात लावू नकोस, कालची ४० पुन्हा तपास." पाळी संपते तेव्हा दोन्ही कामं अर्धवट असतात. प्रश्न: व्यवस्थापनाच्या कोणत्या तत्त्वाचा भंग झाला? कारण द्या.

तत्त्वाचं नाव बहुतेकांना येतं. हेन्री फेयॉल यांच्या १४ तत्त्वांपैकी आदेशातील एकवाक्यता. गाडी अडते ती कारणावर. नेहमी दिसणारं कारण असं: "कामगाराला नीट सूचना मिळाल्या नाहीत, त्यामुळे तो गोंधळला व त्याचे मनोधैर्य खचले. यावरून आदेशातील एकवाक्यतेचा भंग झाला हे स्पष्ट होते." वाचायला बरं वाटतं, पण मनोधैर्य खचल्याचं प्रसंगात कुठेच नाही, ते पदरचं आहे. आणि 'यावरून' म्हणजे नेमकं कशावरून? तत्त्वाच्या नावाच्या जागी 'शिस्तीचे तत्त्व' घालून बघा. वाक्य तसंच्या तसं चालतं. दुसऱ्या तत्त्वालाही जे कारण चालतं, ते कारण झालंच नाही.

म्हणून लिहायच्या आधी व्याख्या फोडायची. कर्मचाऱ्याला एका वेळी एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत, एवढीच ती आहे. त्यात तीन अटी आहेत: कर्मचारी तोच, वेळ तीच आणि वरिष्ठ एकच. आता प्रत्येक अटीसमोर प्रसंगातली गोष्ट ठेवा. कामगार तोच आहे, पाळी तीच आहे, वरिष्ठ मात्र दोन आहेत. मोडली ती तिसरी अट.

इथं एक बारीक जागा आहे आणि चांगले विद्यार्थीही तिथं घसरतात. त्यांना वाटतं, आदेश परस्परविरोधी होते म्हणून भंग झाला. तसं नाही. हे दोन्ही आदेश एकट्या उत्पादन पर्यवेक्षकांनीच दिले असते, तर ते विसंगत ठरले असते, पण या तत्त्वाचा भंग झाला नसता. उलट, दोघांचे आदेश एकमेकांशी जुळले असते तरी मुळातली चूक राहिलीच असती. विरोध हा परिणाम आहे, दोन वरिष्ठ असणं ही भंगाची खूण. त्यामुळे पुराव्याच्या वाक्यात आधी माणसं यायला हवीत, कास्टिंगचे आकडे त्यांच्या मागे.

आता उत्तर लिहूया.

"या प्रसंगात आदेशातील एकवाक्यतेच्या तत्त्वाचा भंग झाला आहे; या तत्त्वानुसार कर्मचाऱ्याला एका वेळी एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळायला हवेत. येथे उत्पादन पर्यवेक्षकांनी ८० नवी कास्टिंग घासायला सांगितली आणि त्याच पाळीत गुणवत्ता पर्यवेक्षकांनी नव्यांना हात न लावता जुनी ४० तपासायला सांगितली. दोघेही वरिष्ठ असल्याने एकाचा आदेश पाळला की दुसऱ्याचा मोडतो, म्हणून दोन्ही कामे अर्धवट राहिली."

तिसरं वाक्य नीट बघा. त्यात नवी माहिती नाही. 'दोघेही वरिष्ठ' हा व्याख्येतला शब्द आहे आणि 'अर्धवट' हा प्रसंगातला. त्या दोघांना जोडायचं एवढंच त्याचं काम. बहुतेक उत्तरांत हेच वाक्य गायब असतं. पहिल्यात व्याख्या, दुसऱ्यात प्रसंग उतरवून काढलेला, आणि मधला सांधा परीक्षकानं मनातल्या मनात जुळवायचा! ते का जुळवतील?

निर्देशनातील एकवाक्यता हे नाव सारखं वाटतं, म्हणून काही जण तेच लिहून मोकळे होतात. ते तत्त्व एका माणसाबद्दल नाही, एकाच उद्दिष्टाच्या कामांना एक प्रमुख आणि एक आराखडा असावा असं ते सांगतं. इथं आराखड्याचा उल्लेखच नाही, तेव्हा पुराव्याचं वाक्य लिहायला बसलात की हात रिकामा राहतो. नाव चुकल्याचं तिथंच कळतं.

एक ठिकाण मात्र सांभाळा. टेलर यांच्या कार्यात्मक फोरमनशिपमध्ये कामगारावर ८ फोरमन असतात, चार नियोजनाचे, चार अंमलबजावणीचे, आणि प्रत्येक जण आपापल्या विषयापुरताच आदेश देतो. प्रसंगात कंपनीनं असे तज्ज्ञ मुद्दाम नेमलेले असतील आणि प्रश्न 'कोणते तंत्र वापरले?' असा असेल, तर अनेक वरिष्ठ हीच गोष्ट भंगाचा नव्हे, त्या तंत्राचा पुरावा होते. मग दुसऱ्या वाक्यात कोण काय ओरडून गेलं ते नको, कोणत्या फोरमनकडे कोणता विषय सोपवला होता ते लिहा.