अडलेल्या बाळंतिणीची चिठ्ठी कशी लिहायची?

नमस्कार. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाला जाणारी चिठ्ठी बऱ्याचदा एका ओळीची असते: "एनपीओएल, पुढील उपचारासाठी पाठवीत आहे." म्हणजे प्रसूती पुढे सरकत नाही. पण कधीपासून सरकत नाही, हे त्यात नसतं. तिथल्या डॉक्टरला आधी तेच हवं असतं.

एक उदाहरण घेऊ. बाई 26 वर्षांची, तिसरी खेप. पहाटे 4 वाजता पिशवीचं तोंड 4 सेंटीमीटर उघडलेलं. सकाळी 8 ला 8 सेंटीमीटर, म्हणजे सगळं ठीक. 10 ला 8 आणि 12 लाही 8. कळा मात्र जोरदार, दहा मिनिटांत चार. पार्टोग्राफवर रेघ अ‍ॅक्शन लाइनला टेकली. खरं तर 10 वाजताच गाडी बोलवायला हवी होती. हे आकडे वेळांसकट चिठ्ठीत उतरवा आणि पार्टोग्राफ सोबत जोडा.

आता डोक्याबद्दल. आतून तपासताना बोटाला डोकं खाली आल्यासारखं वाटतं, पण ती बाळाच्या टाळूवर आलेली सूज असू शकते. म्हणून पोटावरून हात लावून बघा. डोक्याचे पाचपैकी चार भाग अजून वर लागत असतील, तर ते कटीत शिरलेलंच नाही. कवटीची हाडं एकमेकांवर चढली असतील आणि दाबूनही सुटत नसतील, तर मोल्डिंग तीन प्लस लिहा. लघवी लालसर आहे का? नाडी किती? बाळाचे ठोके किती? पोटावर आडवी खाच दिसते का? दिसत नसेल तर "नाही" असंही लिहा, कारण वाटेत ती दिसू लागली तर बदल लगेच कळतो.

तिसरी खेप हे मी ठळक लिहीन. पहिलटकरणीचं गर्भाशय अडथळ्यापुढे बहुधा थकतं. आधी बाळंत झालेल्या बाईचं जोर लावतच राहतं, आणि फाटतं.

मग काय दिलं ते: रिंगर लॅक्टेट किती, कॅथेटर कधी घातला, अँपिसिलिन 2 ग्रॅम किती वाजता. आणि कळा वाढवायचं इंजेक्शन दिलं का, कुणी दिलं, कधी? येण्याआधी बाहेर घेतलं असेल तर सासूबाईंना शांतपणे विचारा. रागावलात तर त्या सांगणार नाहीत. अडथळ्याचा संशय आल्यावर आपण ते द्यायचंच नाही.

108 निघण्याआधी लेबर रूमला फोन करून हेच वाचून दाखवा, म्हणजे भूलतज्ज्ञ आणि रक्त यांची तयारी सुरू होते. सोबतच्या सिस्टरला सांगा: बाईला डाव्या कुशीवर ठेवा, आणि कळा अचानक थांबल्या, नाडी धावू लागली, तर गाडीतूनच पुन्हा फोन करा. चिठ्ठीवर शेवटी निघण्याची वेळ: 12 वाजून 25 मिनिटं.