कानाचं मशीन आणि दोन फोन

(दृश्य: सदाशिव पेठेतल्या घरातला दिवाणखाना. कोनाड्यात लँडलाईन, शेजारी चार्जिंगला लावलेला मोबाईल.)

बाबांच्या कानाला मशीन लागून अकरा वर्षं झाली. या घरात फोनही दोन आहेत. कोनाड्यातल्या लँडलाईनवर बाबा तासभर गप्पा मारतात. मोबाईल मात्र गेल्या वर्षीपर्यंत वाजला की आईच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "तूच बोल, मला नीट येत नाही." माणूस तोच, कान तोच, मशीन तेच. मग एका फोनवर ऐकू येतं आणि दुसऱ्यावर का नाही?

(दृश्य: मशीनचं उघडलेलं कवच, अगदी जवळून.)

हा बारीक दांडा बघा. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा लांब असेल. त्याच्याभोवती केसासारखी तांब्याची तार गुंडाळलेली आहे. ही टेलिकॉइल, दुकानात हिला नुसतं 'टी' म्हणतात. जुन्या लँडलाईनच्या रिसिव्हरमध्ये पडदा हलवायला एक विद्युतचुंबक असतो. समोरचा माणूस बोलतो तसं त्याचं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि त्यातलं थोडं रिसिव्हरच्या बाहेर सांडतं. टेलिकॉइल ते सांडलेलं क्षेत्र उचलते आणि मशीन त्याचा पुन्हा आवाज करतं.

म्हणजे इथे फोन आणि मशीन एकमेकांना जोडलेले नसतातच. फोनला पत्ताही नसतो की शेजारी कुणी ऐकतंय. म्हणून जोडणी नाही, पासवर्ड नाही, कंपनी कुठली हा प्रश्न नाही. शिवाय टी लावला की मशीनचा माईक बंद होतो. खाली रस्त्यावर गणपतीचं ढोलपथक सराव करत असलं, तरी त्या कानाला फोनमधला माणूसच ऐकू येतो.

(दृश्य: बाबा रिसिव्हर कानाला लावतात, मग हळूहळू वर सरकवतात.)

बाबांचा हात बघा. रिसिव्हर त्यांनी कानाच्या भोकावर धरलेला नाही. तो थोडा वर आणि मागे आहे, मशीन जिथे बसतं तिथे. कारण ऐकणारी गुंडाळी कानाच्या मागे आहे. एक बोट इकडेतिकडे झालं तर आवाज निम्मा होतो, मान वाकडी केली तरी बदलतो, कारण गुंडाळीला दिशा असते. मशीन घेतल्यानंतर पहिले दोन महिने बाबांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. ते रिसिव्हर कानावर दाबत राहिले आणि टी बिघडलाय असं समजून चालले. ती दोन मिनिटांची शिकवणी होती आणि ती त्यांना मिळायला हवी होती.

टीची खोडही चुंबकाचीच. घरातल्या वायरिंगमधून 50 हर्ट्झचा प्रवाह धावतो आणि त्याचंही क्षेत्र असतं. बाबा टी लावून घरभर चालले, तेव्हा इन्व्हर्टरपाशी मशीन घोंघावायला लागलं. मीटरपाशीही तेच. कोनाड्यापाशी मात्र शांत. टीवर घों घों येत असेल तर आधी चार पावलं बाजूला सरकून बघा. आवाज कमी झाला, तर मशीन ठीक आहे, त्रास जागेचा आहे.

आता मोबाईल. त्याचा स्पीकर एवढासा, त्यातून सांडणारं क्षेत्रही बहुधा कमी. वर बॅटरी आणि स्क्रीनच्या सर्किटचे प्रवाह त्याच क्षेत्रात आपली खरखर मिसळतात. काही मोबाईल टीवर चांगले चालतात, पण बाबांच्या मोबाईलवर आवाज पुसट होता आणि खरखर ठळक.

(दृश्य: नवं मशीन, डबीतून काढताना.)

गेल्या वर्षी जुनं मशीन थकलं. नवं आलं ते ब्लूटूथचं. यात मोबाईल आवाजाचे आकडे करतो आणि ते 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवरून थेट दोन्ही कानांतल्या मशीनना पाठवतो. दोन्ही कानांना एकदम ऐकू येणं, हा फरक फार मोठा आहे. लँडलाईनचा रिसिव्हर एकाच कानाला लागतो. इथे समोरचा माणूस डोक्याच्या मधोमध बोलतोय असं वाटतं, आणि ज्याचे दोन्ही कान कमी ऐकतात त्याला शब्द ओळखायला त्याची खूप मदत होते.

पण इथे दोघांची भाषा जुळावी लागते. ॲपलने आयफोनसाठी आपली पद्धत 2013 मध्ये आणली. अँड्रॉइडची 'आशा' नावाची पद्धत 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून आली. 2020 मध्ये ब्लूटूथच्या संस्थेने सगळ्यांसाठी एलई ऑडिओ नावाची पद्धत जाहीर केली. फोनवर ब्लूटूथ आहे एवढ्याने काहीच ठरत नाही.

आम्ही तिथेच फसलो. मशीनचं ॲप बाबांच्या मोबाईलवर उतरवलं, ते लगेच जोडलं गेलं. ॲपवरून आवाज कमीजास्त होत होता, बॅटरी किती उरली तेही दिसत होतं. आम्ही खूश. ताईचा फोन आला आणि तिचा आवाज मोबाईलच्याच स्पीकरमधून आला. ॲपचे हुकूम मशीनपर्यंत पोचवणं वेगळं आणि आवाज पोचवणं वेगळं. त्या मोबाईलला पहिलं जमत होतं, दुसरं नाही. म्हणून विकत घेण्याआधी दुकानातच, आपल्याच मोबाईलवर, एक फोन करून बघा. आयफोन असेल तर मशीन जोडायची जागा Settings मध्ये, Accessibility खाली, Hearing Devices इथे आहे.

(दृश्य: जेवणाच्या टेबलावर मोबाईल. बाबा गॅलरीत, झाडांना पाणी घालताना.)

मोबाईल बदलला. पहिल्याच दिवशी बाबा गॅलरीत होते, मोबाईल टेबलावर. ताईचा आवाज त्यांच्या कानात स्वच्छ आला. बाबा आनंदाने बोलायला लागले. ताई मात्र विचारत राहिली, "बाबा, ऐकू येतंय का? तुम्ही बोलत का नाही?" बाबांना वाटलं, मशीन पुन्हा बिघडलं.

बिघडलं काहीच नव्हतं. ॲपलच्या सुरुवातीच्या पद्धतीत आणि 'आशा'मध्ये आवाज एकाच बाजूने जातो, फोनकडून कानाकडे. बाबांचं बोलणं पकडायचं काम मोबाईलच्या माईकचंच राहतं, आणि मोबाईल होता टेबलावर. मोबाईल हातात घेतला आणि ताईला त्यांचा आवाज पोचला. काही नव्या मशीनमध्ये, विशेषतः एलई ऑडिओच्या, मशीनचाच माईक बोलणंही पाठवू शकतो. पण हे मशीन आणि मोबाईल दोघांना यावं लागतं. तेव्हा दुकानात फोन करून बघाल तेव्हा मोबाईल काउंटरवर ठेवा, पाच पावलं लांब जा आणि पलीकडच्याला विचारा, माझा आवाज येतोय का?

आणखी एक गोष्ट बाबांनी स्वतःच शोधली. मोबाईल पँटच्या उजव्या खिशात असला की डाव्या कानात आवाज तुटायचा. शरीरात पाणी भरपूर आणि या लहरी पाण्यात जिरतात. सदऱ्याच्या खिशात ठेवल्यापासून तुटत नाही. बॅटरीही जास्त खर्च होते. ताईशी लांबलचक गप्पा झाल्या की त्या दिवशी संध्याकाळी चार्ज कमी दिसतो.

(दृश्य: ऑडिओलॉजिस्टच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेली दोन मशीन, एक लहान, एक किंचित मोठं.)

मशीन निवडताना बाबांपुढे ही दोन ठेवली होती. लहान मशीनमध्ये ब्लूटूथ होतं, पण गुंडाळीला जागा नव्हती. मोठ्यात दोन्ही होतं. बाबांनी मोठं उचललं. "केसांखाली झाकतं की," म्हणाले, "आणि लँडलाईन काही मी काढणार नाही."

(दृश्य: कोनाड्यातला फोन वाजतो. बाबा कानामागचं बटण दोनदा दाबतात, रिसिव्हर उचलतात आणि कानाच्या थोडा वर, मागे नेतात.)

"हं, बोला."